यंदाचे गणपती आणि गेल्या वर्षीचे व्ह्यूज

यूट्यूबवर पाककृतींचं चॅनेल चालवणाऱ्या मराठी घरांचा हंगाम श्रावणात सुरू होतो. नारळीभातापासून चढायला लागलेला आलेख उकडीच्या मोदकांना कळस गाठतो, ऋषिपंचमीच्या भाजीला जरा टेकतो आणि विसर्जनानंतर उतरतो. मग घरात एक साधा प्रश्न निघतो. गेल्या वर्षीपेक्षा यंदा बरं झालं का?

उत्तर यूट्यूब स्टुडिओत असायला हवं आणि असतंही, पण ते दोन ठिकाणी दोन वेगळे आकडे घेऊन बसलेलं असतं. अ‍ॅनालिटिक्स उघडल्यावर पहिल्याच पानावर जे कार्ड दिसतं, त्यावर व्ह्यूज, वॉच टाइम आणि सबस्क्रायबर ठळक अक्षरांत लिहिलेले असतात. त्याच पानाच्या वरच्या बाजूला `Advanced mode` नावाचं बटण आहे. ते दाबून दोन काळांची तुलना मांडली, की बेरीज कार्डाशी जुळत नाही. ‘यूट्यूब चोरी करतं’ इथपासून ‘आपल्यालाच काही कळत नाही’ इथपर्यंतचे सगळे निष्कर्ष याच क्षणी काढले जातात. खरं तर दोन्ही आकडे आपापल्या जागी बरोबर असतात. ते वेगवेगळ्या प्रश्नांची उत्तरं देत असतात, एवढंच.

समजा, साताऱ्याकडचं एक चॅनेल आहे. सासू आणि सून मिळून चालवतात. सात-आठ वर्षांत नऊशेच्या आसपास व्हिडिओ झालेत, गेली काही वर्षं शॉर्ट्सही टाकतात. सुनेला २०२४ आणि २०२५ च्या गणेशोत्सवाची तुलना करायची आहे. पुढचे आकडे उदाहरणापुरते मी बसवलेले आहेत, पण कुलपं आणि किल्ल्या खऱ्या आहेत.

पहिली अडचण यूट्यूबची नाही, पंचांगाची आहे. स्टुडिओत मागच्या वर्षीशी तुलना करायची म्हटलं की हात सहज सप्टेंबर २०२४ आणि सप्टेंबर २०२५ कडे जातो. पण २०२४ मध्ये गणेश चतुर्थी ७ सप्टेंबरला होती आणि २०२५ मध्ये २७ ऑगस्टला. म्हणजे २०२५ च्या सप्टेंबरात मोदक करून, खाऊन आणि पचवून झालेले होते. त्या महिन्यात उरले होते विसर्जनापर्यंतचे सहा दिवस आणि त्यानंतरचा पितृपक्ष. सप्टेंबरशी सप्टेंबर लावला तर चॅनेल कोसळलेलं दिसेल, आणि ऑगस्टशी ऑगस्ट लावला तर त्याला पंख फुटलेले दिसतील. दोन्ही चित्रं खोटी.

म्हणून तारखा तिथीवरून मोजाव्या लागतात. अनंत चतुर्दशी २०२४ मध्ये १७ सप्टेंबरला होती, २०२५ मध्ये ६ सप्टेंबरला. दोन्ही वर्षी चतुर्थीपासून चतुर्दशीपर्यंत अकरा दिवस होते, त्यामुळे जोडी सोपी आहे. चतुर्दशीला संपणारे २८ दिवस घेतले, तर एक पट्टा २१ ऑगस्ट ते १७ सप्टेंबर २०२४ असा होतो आणि दुसरा १० ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२५ असा. अठ्ठावीसच का, तर त्यात प्रत्येक वार बरोबर चार वेळा येतो. रविवारी व्ह्यूज वाढत असतील, तर एका पट्ट्यात पाच रविवार आणि दुसऱ्यात चार अशी गफलत होत नाही. तीस किंवा एकतीस दिवसांच्या महिन्यात ती होतेच.

आता या तारखा स्टुडिओत घालायच्या. हे काम संगणकावर करावं, फोनवरच्या अ‍ॅपमध्ये एवढी ऐसपैस जागा नाही. `Advanced mode` उघडून तारखांच्या यादीतून `Custom` निवडायचं आणि पहिला पट्टा घालायचा. मग `Compare to` दाबून दुसरा पट्टा द्यायचा. आलेखात दोन रेषा येतात, खाली तक्त्यात दोन्ही काळांचे आकडे शेजारीशेजारी लागतात.

रेषा नीट पाहिली, तर एक गोष्ट खटकायला हवी. २०२५ ची मोदकांची उसळी २७ ऑगस्टला यावी अशी अपेक्षा, पण तिचा मोठा भाग २६ ऑगस्टवर पडलेला दिसतो. आदल्या दिवशी तयारीसाठी बघणारे असतातच, तरी एवढे? यूट्यूब अ‍ॅनालिटिक्सचा दिवस भारतीय घड्याळाने चालत नाही. तो अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या, कॅलिफोर्नियाच्या मध्यरात्री सुरू होतो आणि तिथल्याच मध्यरात्री संपतो. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये त्यांची मध्यरात्र म्हणजे आपल्याकडचे दुपारचे साडेबारा. हिवाळ्यात त्यांचं घड्याळ एक तास मागे जातं, तेव्हा दीड. म्हणजे चतुर्थीच्या सकाळी, पूजेआधी, एका हातात उकड आणि दुसऱ्या हातात फोन घेऊन ज्यांनी कळ्या पाडायला शिकून घेतलं, त्यांचे सगळे व्ह्यूज यूट्यूबच्या वहीत आदल्या दिवशी जमा झाले. ‘२७ ऑगस्ट’ या रकान्यात आहेत ते २७ च्या दुपारी साडेबारापासून २८ च्या दुपारी साडेबारापर्यंतचे.

२८ दिवसांच्या तुलनेत याने फारसं बिघडत नाही, कारण दोन्ही पट्टे सारखेच सरकलेले असतात. पण कुणी ‘फक्त चतुर्थीचा दिवस’ काढून बघत असेल, तर त्याला सणाची सकाळच मिळत नाही. अशा वेळी चतुर्थी आणि तिचा आदला दिवस मिळून दोन दिवस घ्यावेत.

आता कार्डाकडे. सून हे सगळं ९ सप्टेंबर २०२५ ला करते आहे असं धरू. ओव्हरव्ह्यूच्या कार्डावर गेल्या २८ दिवसांचे व्ह्यूज ६,१२,००० दिसतात. अ‍ॅडव्हान्स्डमध्ये तिने घातलेल्या पट्ट्याची बेरीज येते ६,२०,०००. आठ हजार गेले कुठे?

कुठेही गेलेले नाहीत. कार्डावरचा ‘गेले २८ दिवस’ हा पट्टा सरकता असतो, आणि तो आजपाशी संपत नाही. ज्या दिवसाचा हिशेब पूर्ण होऊन आला आहे, तिथे तो संपतो. हा हिशेब यायला साधारण दोन दिवस लागतात. ९ तारखेला कार्डाचा पट्टा, समजा, ११ ऑगस्ट ते ७ सप्टेंबर असा आहे. सुनेचा पट्टा १० ऑगस्ट ते ६ सप्टेंबर. एका टोकाला १० ऑगस्टचे वीस हजार व्ह्यूज कार्डातून बाहेर पडले, दुसऱ्या टोकाला ७ सप्टेंबरचे बारा हजार आत आले. विसर्जन उरकलेलं, त्यात त्या रात्री खग्रास चंद्रग्रहण. मोदक कोण बघणार? वीसमधून बारा गेले, आठ उरले. कार्डावर बोट ठेवलं किंवा तारखेच्या पेटीखाली पाहिलं, की दोन्ही टोकांच्या तारखा लिहिलेल्या असतात. आकडे जुळत नसतील तर सर्वांत आधी त्या वाचाव्यात. निम्मी भांडणं इथेच मिटतात.

कार्डावरचा बाणही असाच दिशाभूल करतो. तो वर आहे, म्हणून गेल्या वर्षीपेक्षा वाढ झाली असा अर्थ लोक काढतात. पण तो बाण गेल्या वर्षाकडे बघतच नाही. ओव्हरव्ह्यूवर ‘नेहमीपेक्षा जास्त’ असं लिहिलेलं असतं तेव्हा तुलना तुमच्याच चॅनेलच्या नेहमीच्या पातळीशी असते. स्टुडिओच्या पहिल्या पानावरच्या छोट्या कार्डात ती लगेच आधीच्या २८ दिवसांशी असते. आषाढातल्या सुस्त दिवसांशी मोदकांची तुलना करून वर जाणारा बाण काय सांगणार? गणपतीत मोदक जास्त बघतात, हे.

याच पानावर उजवीकडे ‘रिअलटाइम’चं आणखी एक कार्ड असतं, गेल्या ४८ तासांचं. ते या हिशेबात आणूच नये. त्यातले आकडे अंदाजी असतात आणि नंतर गाळणीतून जातात. यंत्राने केलेले, खोटे ठरलेले व्ह्यूज यूट्यूब पुढे काढून टाकतं. त्यामुळे ताज्या दिवसांचा आकडा महिन्याभराने थोडा वेगळा दिसला तर घाबरायचं कारण नाही. उलट, ताज्या काळाची वर्षभर जुन्या काळाशी तुलना करताना एक बाजू पक्की आणि एक अजून ओली आहे, हे लक्षात ठेवून आठवडाभर थांबलेलं बरं.

तारखा लागल्या, बाण बाजूला ठेवला. आता तुलना अशी दिसते: २०२४ मध्ये ४,००,००० व्ह्यूज, २०२५ मध्ये ६,२०,०००. पंचावन्न टक्के वाढ. सून आनंदात. सासूबाई मात्र म्हणतात, “कमेंटी तर तेवढ्याच आल्यात गं. आणि पैसे?”

सासूबाईंचा संशय रास्त आहे, आणि या लेखातली सर्वांत महत्त्वाची गोष्ट त्याच्या पोटात आहे. या दोन पट्ट्यांच्या मध्ये ३१ मार्च २०२५ हा दिवस येतो. त्या दिवसापासून यूट्यूबने शॉर्ट्सचा व्ह्यू मोजण्याची रीत बदलली. आधी शॉर्ट ठरावीक काळ पाहिलं गेलं तरच व्ह्यू धरत. आता ते सुरू झालं की व्ह्यू. अंगठ्याने पुढच्या क्षणी सरकवून टाकलं तरी व्ह्यू, आणि संपून पुन्हा सुरू झालं तर पुन्हा एक. जुन्या रीतीचा आकडा बंद झाला नाही. त्याचं नाव `Engaged views` झालं आणि तो अ‍ॅडव्हान्स्ड मोडमध्ये ठेवला गेला. म्हणजे कार्डावर दिसतो नवा, फुगीर आकडा, आणि जुन्याशी तुलना करता येईल असा आकडा आतल्या खोलीत आहे. ज्याला मागच्या काळाशी ताडून बघायचं आहे, त्याला आत जावंच लागतं.

आत जाऊन काय करायचं, ते पाहू. तक्त्याच्या वर मांडणी निवडायची सोय आहे. तिथे `Content type` घ्यायचं. एका बेरजेचे तुकडे पडतात: मोठे व्हिडिओ, शॉर्ट्स, लाइव्ह. मग मोजमापांच्या यादीतून `Engaged views` हा रकाना जोडायचा. आपल्या उदाहरणात २०२४ चे चार लाख म्हणजे अडीच लाख मोठ्या व्हिडिओंचे आणि दीड लाख शॉर्ट्सचे, सगळे जुन्या रीतीने मोजलेले. २०२५ चे सहा लाख वीस हजार म्हणजे मोठ्या व्हिडिओंचे २,३०,००० आणि शॉर्ट्सचे ३,९०,०००. पण या ३,९०,००० पैकी जुन्या रीतीत बसणारे फक्त १,६५,००० आहेत. बाकीचे सव्वादोन लाख म्हणजे पुढे सरकणारे अंगठे आणि पुन्हा सुरू झालेली शॉर्ट्स.

सारख्या मापाने मोजलं तर २०२५ ची बेरीज होते २,३०,००० अधिक १,६५,०००, म्हणजे ३,९५,०००. पंचावन्न टक्के वाढ नाहीच. चॅनेल जागच्या जागी आहे, किंचित खालीच. आणि मोठ्या व्हिडिओंचं पाहिलं, तर ते आठ टक्क्यांनी घसरलेत. शॉर्ट्स दहा टक्क्यांनी वाढलीत.

हा हिशेब खरा की खोटा हे पडताळायला एक साक्षीदार हाताशी असतो, तो म्हणजे वॉच टाइम. लोकांनी प्रत्यक्ष किती तास पाहिलं, हे व्ह्यू कशाला म्हणायचं यावर अवलंबून नाही. मोठा व्हिडिओ सरासरी चार मिनिटं आणि शॉर्ट अर्धा मिनिट पाहिलं जातं असं धरलं, तर २०२४ चे तास साधारण १७,९०० भरतात. २०२५ मध्ये मोठ्या व्हिडिओंचे सुमारे १५,३००, शॉर्ट्सचे चौदाशेच्या आसपास आणि सरकवणाऱ्यांचे जेमतेम साठेक तास, मिळून १६,८००. म्हणजे सहा टक्के घट. ज्या काळात व्ह्यूज दीडपट झाले आणि तास कमी झाले, त्या काळात प्रेक्षक वाढलेले नाहीत, मोजपट्टी बदलली आहे. ३१ मार्च २०२५ च्या दोन बाजूंना पडणाऱ्या कुठल्याही दोन काळांसाठी हीच खूण तपासावी. शॉर्ट्स अजिबात न करणाऱ्या चॅनेलला ही भीती नाही.

कमाईबाबतही सासूबाईंचं नाक बरोबर चाललं होतं. शॉर्ट्समधून मिळणारे पैसे आणि कमाईच्या कार्यक्रमात प्रवेशासाठीची अट यूट्यूब जुन्या रीतीच्या, म्हणजे एंगेज्ड व्ह्यूजवरच मोजतं. ९० दिवसांत शॉर्ट्सचे एक कोटी व्ह्यूज झाले म्हणून अर्ज करायला निघालेल्यांनी कार्डावरचा आकडा बघून पेढे वाटू नयेत.

इतक्यात सून म्हणते, ठीक आहे, मी एकेक व्हिडिओ काढून बेरीज करते. ती तक्ता उतरवून घेते. एक झिप येते, तिच्यात `Table data.csv`, `Chart data.csv` आणि `Totals.csv` अशा तीन फायली असतात. ती पहिली फाइल उघडून व्ह्यूजच्या रकान्याखाली बेरजेचं सूत्र लावते आणि आकडा येतो जवळजवळ दुप्पट. याचं कारण अगदी क्षुल्लक आहे. त्या फाइलची पहिली ओळच `Total` असते. ती धरून बेरीज केली की सगळं दोनदा मोजलं जातं.

ती ओळ वगळल्यावर बेरीज एकूण आकड्यापेक्षा थोडी कमी भरते. तेही ठीक आहे. तक्त्यात जास्तीत जास्त ५०० ओळी येतात आणि चॅनेलवर नऊशे व्हिडिओ आहेत. उरलेले चारशे जुने, थकलेले व्हिडिओ प्रत्येकी पाच-दहा व्ह्यूज आणत असतात. ते एकूणात धरलेले असतात, ओळीत दिसत नाहीत. गाव, वय, स्त्री-पुरुष अशी मांडणी घेतली तर तफावत आणखी वाढते, कारण फार कमी माणसांची माहिती यूट्यूब दाखवत नाही. अशा वेळी वरची एकूणाची ओळ खरी मानायची आणि खालच्या ओळी क्रम लावायला वापरायच्या.

सबस्क्रायबरचा प्रकार थोडा वेगळा. कार्डावरचा आकडा निव्वळ असतो, आलेले वजा गेलेले. व्हिडिओंच्या तक्त्यात मात्र ज्या व्हिडिओच्या पानावरून कुणी सबस्क्राइब केलं, त्या व्हिडिओच्या नावावर ते मांडलं जातं. चॅनेलच्या मुख्य पानावरून किंवा शोधातून थेट आलेले कुठल्याच व्हिडिओचे नसतात. शिवाय यूट्यूबने बंद केलेली खाती वजा होतात, आणि ती वजाबाकीही कुठल्या व्हिडिओच्या माथी मारता येत नाही. `Subscription source` ही मांडणी घेतली तर ही सगळी दारं वेगवेगळी दिसतात, बंद झालेल्या खात्यांसह.

आणि एक आकडा असा आहे, की ज्याची बेरीज मुळात होतच नाही. `Unique viewers`, म्हणजे वेगवेगळी माणसं किती. चार आठवड्यांचे चार आकडे मिळवले तर २८ दिवसांच्या आकड्यापेक्षा ते बरेच जास्त भरतात. मंडळाच्या दर्शनाला एकच काकू अकरा दिवस रोज आल्या, तर रोजच्या वहीत त्या अकरा वेळा आहेत आणि वर्गणीच्या वहीत एकदाच. म्हणून दोन काळांची माणसं ताडायची असतील, तर पट्टे सारख्या लांबीचे हवेत आणि आकडा स्टुडिओने त्या पूर्ण पट्ट्यासाठी दिलेलाच घ्यायचा, स्वतः मिळवलेला नाही. सरासरी किती वेळ पाहिलं, थंबनेल पाहून किती टक्के लोक आत आले, या आकड्यांनाही हाच नियम. टक्केवारीची सरासरी काढून टक्केवारी मिळत नाही.

साताऱ्याच्या घरात यातून हाती काय लागलं? वाढ झाल्याचा भ्रम गेला आणि एक नेमका प्रश्न उरला. मोठ्या व्हिडिओंचे वीस हजार व्ह्यूज का घटले? तो व्हिडिओवार तुलनेत सापडतो. दोन्ही पट्टे तसेच ठेवून मांडणी `Content` करायची आणि दोन काळांतल्या फरकावर नजर फिरवायची. घट बहुधा सगळीकडे सारखी पसरलेली नसते. दोन-तीन जुन्या, भरवशाच्या व्हिडिओंमध्येच ती साठलेली असते. मग त्या एकेका व्हिडिओची `Traffic source` मांडणी बघायची. शोधातून येणारे कमी झाले असतील तर कुणीतरी नवा मोदकांचा व्हिडिओ वर गेला आहे. सुचवण्यांमधून येणारे कमी झाले असतील तर गोष्ट वेगळी आहे, आणि तिथे नवा थंबनेल किंवा नव्याने केलेला व्हिडिओ हा उपाय होऊ शकतो.

पुढच्या तुलनेसाठी तारखा आताच लिहून ठेवता येतील. २०२६ मध्ये गणेश चतुर्थी १४ सप्टेंबरला आहे आणि अनंत चतुर्दशी २५ ला. म्हणजे या खेपेला बाप्पा अकरा नाही, बारा दिवस राहतात. चतुर्दशीला टोक धरून २८ दिवस मागे मोजले तर पट्टा २९ ऑगस्टपासून निघतो आणि चतुर्थीच्या आधीची तयारी एका दिवसाने कमी पडते. मोदकांच्या चॅनेलला विसर्जनापेक्षा आगमन महत्त्वाचं, तेव्हा चतुर्थीच्या आधी सतरा दिवस हेच माप कायम ठेवावं: २८ ऑगस्ट ते २४ सप्टेंबर २०२६, समोर १० ऑगस्ट ते ६ सप्टेंबर २०२५. या वेळी शॉर्ट्सची मोजपट्टी दोन्ही बाजूंना तीच असेल, त्यामुळे `Views` थेट लावले तरी चालतील.